बिलाचा ताळा

मागील बाकी ४१,६५२ रुपये. जमा १४,६५१. खरेदी आणि इतर नावे रकमा १०,५७२ रुपये ७६ पैसे. व्याज १,४०७. एकूण देय ३८,९८० रुपये ७६ पैसे. किमान देय ४,०९०. भरण्याची शेवटची तारीख ४ जून.

क्रेडिट कार्डाच्या बिलाच्या पहिल्या पानावर वरच्या चौकटीत असे सहा-सात आकडे छापलेले असतात आणि बहुतेक घरांत बिल तेवढंच वाचलं जातं. हे बिल मी या लेखासाठी मांडलं आहे. कार्डधारक काल्पनिक आहे, पण रचना, व्याजाचा दर आणि हिशोबाची रीत आपल्याकडच्या नेहमीच्या बिलांसारखीच ठेवली आहे. नात्यातल्या आणि शेजारच्या ज्येष्ठांची बिलं मी बघून देते, तेव्हा ती माझ्याकडे बहुधा फोटोच्या रूपात येतात. सोबत प्रश्न तेच असतात: यात माझी खरेदी किती, बँकेने लावलेलं किती आणि आता भरायचं किती?

वरच्या चौकटीत या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळत नाहीत. १०,५७२ रुपये ७६ पैसे हा आकडा खरेदीसारखा दिसतो, पण तो खरेदीचा नाही. त्यात वार्षिक फी आहे, दोन ठिकाणचा जीएसटी आहे आणि परत केलेली एक साडीही आहे. ४,०९० हा आकडा भरायच्या रकमेसारखा दिसतो, पण तेवढेच भरले तर कर्ज जेमतेम अठराशे रुपयांनी हलतं. खरी उत्तरं आतल्या पानांवरच्या ओळींमध्ये असतात. त्या ओळी फोटोतून अचूक उतरवून घ्याव्या लागतात, योग्य खात्यात टाकाव्या लागतात आणि मग ताळा पाहावा लागतो. उतरवून घेण्याचं काम हल्ली फोनमधली किंवा संगणकावरची अक्षरओळख करते, तिला ओसीआर म्हणतात. ताळा मात्र आपणच पाहायचा असतो, आणि या लेखात मला मुख्यतः त्याबद्दलच सांगायचं आहे.

आधी एक सूचना. बिल ईमेलने आलेलं असेल तर त्याचा फोटो काढूच नका. बँकेच्या पीडीएफ फाइलमध्ये अक्षरं बहुधा अक्षरं म्हणूनच साठवलेली असतात. पासवर्ड टाकून फाइल उघडली की ती थेट कॉपी करता येतात आणि वाचनातली चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही. फोटोची गरज पडते ती टपालाने आलेल्या कागदी बिलासाठी, किंवा ईमेल कुठला दिला होता हेच आठवत नाही अशा कार्डासाठी. संगणकाच्या पडद्याचा फोनने काढलेला फोटो तर सगळ्यांत वाईट, कारण पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत मिसळून लाटांसारखे पट्टे उमटतात आणि आकड्यांच्या कडा त्यात विरघळतात. त्यापेक्षा स्क्रीनशॉट घ्यावा.

कागदाचा फोटो काढताना अक्षरं स्पष्ट येण्याइतकंच महत्त्व ओळी सरळ येण्याला आहे. बिलात तारीख अगदी डावीकडे असते, रक्कम अगदी उजवीकडे, आणि मध्ये दुकानाचं नाव संपल्यावर बरीच कोरी जागा. ए-फोर कागदावर तारखेपासून रकमेपर्यंतचं अंतर साधारण सतरा सेंटिमीटर धरा. फोटो फक्त एक अंश तिरका आला तर तेवढ्या अंतरात ओळ सुमारे तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकते. बिलातल्या दोन ओळींमधलं अंतर चारेक मिलिमीटर असतं. म्हणजे एका अंशाच्या तिरकेपणात रक्कम जवळजवळ शेजारच्या ओळीत जाऊन बसते. प्रत्येक आकडा बरोबर वाचला जातो आणि तरी औषधांची रक्कम साडीच्या दुकानासमोर लागते. अशी चूक बेरजेत कधीच सापडत नाही, कारण सगळे आकडे हजर असतात, फक्त जागा चुकलेली असते. म्हणून कागद टेबलावर सपाट ठेवायचा, घड्या दाबून काढायच्या, फोन कागदाला समांतर धरायचा आणि चारही कोपरे चौकटीत घ्यायचे. फोनमधल्या स्कॅनच्या सोयी हे चार कोपरे ओळखून पान सरळ करतात, म्हणून साध्या कॅमेऱ्यापेक्षा त्या वापरलेल्या बऱ्या. उजेड खिडकीतून बाजूने येणारा हवा. फ्लॅशने गुळगुळीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि त्याखालचा आकडा जातो. व्हॉट्सॅपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, कारण फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि बारीक टाइपातले ३ आणि ८ सारखे दिसू लागतात.

अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो १९८०च्या दशकात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि पुढे बरीच वर्षं गूगलच्या पाठबळाने वाढला. त्याचा माझ्या दृष्टीने मोठा गुण म्हणजे तो आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतो. बिलावर नाव, पत्ता, उधारीची मर्यादा, कुठल्या दवाखान्यात आणि दुकानात गेलो हे सगळं असतं. ते कुणा अनोळखी ॲपच्या सर्व्हरवर चढवण्याची गरज नसेल तर चढवू नये. आज्ञा एवढीच असते:

```
tesseract bill.png bill -l eng --psm 6 tsv
```

यातला `--psm 6` हा भाग सांगतो की पान म्हणजे मजकुराचा एक सलग ठोकळा समज. तो न लिहिल्यास प्रोग्रॅम कोऱ्या जागेवरून पानाचे वेगवेगळे स्तंभ पाडू शकतो आणि सगळ्या तारखा एकीकडे, सगळ्या रकमा दुसरीकडे असा निकाल हातात येतो. शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दाबरोबर त्याची पानावरची जागा मिळते आणि वाचनाबद्दलची खात्री किती, याचा शंभरपैकी आकडाही मिळतो. खात्री कमी असलेले आकडे आधी कागदाशी ताडून पाहायचे. पण खात्री जास्त आहे म्हणून आकडा खरा असं मात्र मानू नये, कारण ठसठशीत छापलेलं चिन्हही प्रोग्रॅम पूर्ण खात्रीने चुकीचं वाचू शकतो.

आपल्या बिलाचं वाचन झाल्यावर पडद्यावर हे दिसलं असं समजू:

```
20/04/2025  GROCERY STORE PUNE     3,450.00
28/04/2025  MEDICAL STORE PUNE     1,280.50
02/05/2025  SAREE SHOP PUNE        2,999.00
05/05/2025  PAYMENT RECEIVED      11,652.00 Cr
06/05/2025  BOOK SHOP PUNE         2,000.00
09/05/2025  SAREE SHOP REFUND      2,999.00 Cr
10/05/2025  ANNUAL FEE               500.00
10/05/2025  GST                       90.00
15/05/2025  FINANCE CHARGES        1,407.00
15/05/2025  GST                      253.26
```

दहा ओळी. आता त्यांची खाती पाडायची. किराणा, औषधं, साडी आणि पुस्तकं या चार ओळी खरेदीच्या, त्यांची बेरीज ९,७२९ रुपये ५० पैसे. त्यातली साडी परत केली म्हणून २,९९९ वजा जातात आणि खरी खरेदी उरते ६,७३० रुपये ५० पैशांची. ५ मेला भरलेले ११,६५२ रुपये हे वेगळं खातं. ते खर्चात धरायचे नाहीत, कारण ज्या वस्तूंसाठी ते भरले त्या मागच्या बिलांमध्ये खर्च म्हणून येऊन गेल्या आहेत. घरखर्चाची वही ठेवणारे इथे नेहमी फसतात. वस्तू घेतली तेव्हा एकदा आणि बिल भरलं तेव्हा पुन्हा एकदा, असा तोच खर्च दोनदा लिहिला जातो. मग वार्षिक फीचे ५००, व्याजाचे १,४०७ आणि दोन्हींवरचा जीएसटी मिळून ३४३ रुपये २६ पैसे. ही बँकेने लावलेली रक्कम, एकूण २,२५० रुपये २६ पैसे.

वरच्या चौकटीतल्या १०,५७२ रुपये ७६ पैशांचं कोडं इथे सुटतं. ९,७२९.५० ची खरेदी, ५०० फी आणि ३४३.२६ कर मिळून तो आकडा होतो. अनेक बिलांमध्ये फी आणि कर हे खरेदीच्याच रकान्यात मिळवलेले असतात आणि फक्त व्याज वेगळं दाखवलं जातं. रकान्याच्या नावात खरेदीबरोबर 'इतर नावे रकमा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बँक काही लपवत नाही. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात खरेदी एवढाच शब्द राहतो. आपल्या कार्डधारकाने या महिन्यात पावणेसात हजारांच्या आतबाहेर खरेदी केली आणि बँकेने तिच्या एक तृतीयांश इतकी रक्कम वर लावली, हे प्रमाण ओळी वेगळ्या केल्याशिवाय दिसत नाही.

खाती पाडली की ताळा. कार्डाच्या बिलाचा मोठा आधार हा की ते स्वतःच स्वतःची तपासणी बरोबर घेऊन येतं. मागील बाकीतून जमा वजा करा, नावे रकमा आणि व्याज मिळवा, एकूण देय आलंच पाहिजे:

```
41652.00 - 14651.00 + 10572.76 + 1407.00 = 38980.76
```

चौकटीतल्या आकड्यांचा हा ताळा जुळला तर चौकट बरोबर वाचली गेली. त्यानंतर ओळींची बेरीज चौकटीशी जुळवायची, आणि ती एकदम नाही तर तुकड्यांनी. जमेच्या ओळी वेगळ्या मिळवून १४,६५१ येतात का? नावे ओळी मिळवून १०,५७२.७६ येतात का? तुकड्यांनी जुळवण्याचा फायदा असा की चूक कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं, आणि एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने झाकली जात नाही.

बेरीज जुळली नाही तर पुन्हा सगळ्या ओळी वाचायला बसू नका. आधी फरकाकडे बघा, कारण फरकाचा आकडा बहुतेक वेळा चुकीचं नाव सांगतो. समजा नावे बाजूची बेरीज बरोबर २०,००० रुपयांनी जास्त आली. असा गोल फरक आला की मी रुपयाचं चिन्ह शोधते. काही बिलांमध्ये प्रत्येक रकमेआधी ₹ छापलेलं असतं. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. इंग्रजी अक्षरांवर तयार झालेली अक्षरओळख त्याला पुष्कळदा 2 किंवा 7 समजते. मग `₹3,450.00` चं `23,450.00` होतं. किराण्याचं बिल तेवीस हजारांचं असू शकतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना खटकत नाही. फरक मात्र थेट त्या आगाऊ आकड्याकडे बोट दाखवतो. रकमेच्या अलीकडे रिवॉर्ड पॉइंटचा रकाना असेल तर त्यातला आकडाही असाच येऊन चिकटतो, म्हणजे 12 पॉइंट आणि 3,450 रुपये मिळून `123,450.00`. इथे आपली स्वल्पविरामाची पद्धत उपयोगी पडते. भारतीय पद्धतीने छापणाऱ्या बिलात एक लाख तेवीस हजार हे `1,23,450.00` असंच छापलं गेलं असतं, म्हणून तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम दिसला की समजायचं, पुढचा आकडा बाहेरून आला आहे.

दुसरी ओळख. फरक ५,९९८ आला. तो कुठल्याच ओळीएवढा नाही, पण त्याचा निम्मा २,९९९ आहे, आणि २,९९९ ची जमेची ओळ बिलात आहे. म्हणजे साडीच्या परताव्यापुढचं `Cr` वाचायचं राहिलं आणि जमा रक्कम नावे पडली. वजा व्हायची रक्कम मिळवली गेली की फरक नेहमी तिच्या दुप्पट येतो. जमेचं हे चिन्ह बारीक असतं, पानाच्या अगदी उजव्या कडेला असतं आणि फोटोत कड कापली गेली की तेच आधी जातं. माझ्या पाहण्यात फोटोवरून काढलेल्या हिशोबांतली सगळ्यांत महागडी चूक हीच, कारण भरलेले पैसे खर्च म्हणून दिसू लागतात.

तिसरी ओळख जरा मौजेची आहे. औषधांच्या ओळीतला दशांशाचा ठिपका वाचायचा राहिला तर १,२८०.५० चे १,२८,०५० होतात. फरक येतो १,२६,७६९.५०, आणि त्याला ९९ ने भागलं की परत १,२८०.५० मिळतात. ठिपका गेला की रक्कम शंभरपट होते, त्यातली एक पट मूळची, म्हणून फरक नव्व्याण्णव पट. फरकाला ९९ ने भागून बिलातलीच एखादी रक्कम आली तर ती ओळ उघडून बघायची. आणि फरक हा सरळ एखाद्या ओळीएवढाच असेल, उदाहरणार्थ ५००, तर ती ओळ वाचनात गळली आहे. बहुधा ती पानाच्या घडीवर किंवा दोन फोटोंच्या सांध्यावर असते. कुठल्याच ओळीशी न जुळणारा मोठा फरक आला तर पानं मोजा. प्रत्येक पानाच्या तळाशी एकूण किती पानांपैकी हे कितवं, ते लिहिलेलं असतं, आणि मधल्या पानाचा फोटो काढायचाच राहून गेला असं वारंवार होतं.

या ताळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. बेरीज जुळली याचा अर्थ रकमा बरोबर आल्या, एवढाच. फी चुकून खरेदीत गेली असेल, दुकानांची नावं इकडची तिकडे झाली असतील, तारीख चुकली असेल, तरी बेरीज जुळतेच. तारखांसाठी वेगळी नजर ठेवावी लागते. बिलावर आधी दिवस, मग महिना अशी रीत असते, पण बरेच प्रोग्रॅम अमेरिकी पद्धतीने आधी महिना वाचतात. मग भरण्याची तारीख `04/06/2025` ही ४ जूनऐवजी ६ एप्रिल होते. `15/05/2025` चं असं होऊ शकत नाही, कारण पंधरावा महिना नाही. त्यामुळे काही तारखा बरोबर आणि काही उलट असा गोंधळ एकाच बिलात होतो. कसोटी सोपी आहे: बिल १५ मेला निघालं असेल तर भरण्याची तारीख त्याच्या नंतरच असणार, या बिलात ती वीस दिवसांनी आहे. ती बिलाच्या आधीची निघाली तर वाचन उलटं झालं आहे.

व्याजाच्या ओळीसाठी बिलात आणखी एक साक्षीदार असतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर आणि फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. २५३.२६ ला ०.१८ ने भागा, बरोबर १,४०७ येतात. ९० ला भागा, ५०० येतात. समजा १,४०७ चं वाचन १,४०१ झालं असतं, तर कराच्या ओळीने ते लगेच सांगितलं असतं. फीच्या ओळी ओळखण्यासाठीही मी हीच युक्ती वापरते. एखादी रक्कम कशाची आहे कळत नसेल आणि तिच्याजवळ तिच्या १८ टक्क्यांएवढी कराची ओळ असेल, तर ती रक्कम दुकानाची नाही, बँकेची आहे. कर कधी एका ओळीत येतो, कधी केंद्र आणि राज्य असा नऊ-नऊ टक्क्यांच्या दोन ओळींत, तेव्हा दोन्ही मिळवून पाहावं.

आकडा बरोबर वाचला गेला, पण १,४०७ रुपये व्याज आलं कुठून? ते समजण्यासाठी मागील बाकीच्या आत जावं लागतं. ४१,६५२ मध्ये ४०,००० ही आधीच्या महिन्यांतल्या खरेदीची न फेडलेली मुद्दल होती, १,४०० तिच्यावरचं व्याज आणि २५२ त्यावरचा कर. ५ मेला भरलेल्या ११,६५२ मधून, या कार्डाच्या अटींप्रमाणे, आधी कर आणि व्याज फिटलं आणि मग मुद्दल १०,००० ने कमी झाली. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आता प्रत्येक रक्कम जितके दिवस डोक्यावर होती तितक्या दिवसांनी तिला गुणायचं. १६ एप्रिल ते ४ मे हे १९ दिवस ४०,०००, त्यानंतर १५ मेपर्यंत ११ दिवस ३०,०००. शिवाय किराण्याचे ३,४५० रुपये २६ दिवस, औषधांचे १,२८०.५० रुपये १८ दिवस, पुस्तकांचे २,००० रुपये १० दिवस. परत केलेली साडी या बिलात व्याजातून वगळली आहे. या सगळ्या गुणाकारांची बेरीज १२,२२,७४९ होते:

```
1222749 x 0.42 / 365 = 1407.00
```

किराणा, औषधं आणि पुस्तकं या यादीत आली याकडे लक्ष द्या. क्रेडिट कार्डावर बिनव्याजी दिवस मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं. मागच्या बिलातली काही बाकी राहिली की ही सवलत थांबते आणि नवी खरेदी केल्या दिवसापासून व्याज लागतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. २० एप्रिलला घेतलेल्या किराण्यावर बिलाच्या तारखेपर्यंत १०३ रुपये २२ पैसे व्याज चढलं, कर वेगळा. जुनी बाकी असताना त्याच कार्डावर रोजची खरेदी करू नये असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच. तो किराणा रोखीने घेतला असता तर हे पैसे वाचले असते.

व्याजाचा हा हिशोब प्रत्येक बिलावर पैशापर्यंत जुळेलच असं नाही. दिवस मोजताना शेवटचा दिवस धरायचा की नाही, अर्धवट भरलेल्या रकमेचा फायदा कुठल्या तारखेपासून द्यायचा, हे बँकेच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनी काही गोष्टी पक्क्या केल्या. न भरलेली फी, शुल्क आणि कर मुद्दलीत मिळवून त्यांच्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही, आणि ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी आकारायची नाही. तुमचं उत्तर बँकेच्या आकड्यापेक्षा दहा-वीस रुपयांनी वेगळं आलं तर दिवस मोजण्याच्या रीतीत फरक असेल. शेकड्यांनी वेगळं आलं तर एखादी ओळ तुमच्याकडून सुटली आहे किंवा बँकेला विचारण्यासारखं काही आहे.

आता किमान देय. तेही आपण बांधून पाहू शकतो. या कार्डाच्या अटी अशा आहेत: बँकेने लावलेली सगळी रक्कम, अधिक मुद्दलीचे पाच टक्के, आणि बेरीज वरच्या दहाच्या पटीत. बँकेची रक्कम २,२५०.२६. मुद्दल आता जुने ३०,००० आणि या महिन्याचे ६,७३०.५० मिळून ३६,७३०.५०, तिचे पाच टक्के १,८३६.५३. दोन्ही मिळून ४,०८६.७९, म्हणून छापलेला आकडा ४,०९०. टक्का प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, आणि कार्डावर हप्त्याने घेतलेली वस्तू असेल तर त्या महिन्याचा पूर्ण हप्ताही किमान रकमेत येतो. पण तत्त्व एक आहे. त्याच २०२२ च्या निर्देशांप्रमाणे किमान रक्कम एवढी असली पाहिजे की ती भरत राहिल्यावर कर्ज वाढत जाऊ नये.

वाढत नाही, पण उतरतं किती? ४,०९० भरले तर त्यातले २,२५०.२६ व्याज, फी आणि करात जातात आणि मुद्दल फक्त १,८३९.७४ ने कमी होते. पुढे एकही नवी खरेदी न करता दर महिन्याला किमान तेवढंच भरत गेलं, तर मुद्दल निम्मी व्हायला तेरा ते चौदा महिने लागतात. त्या काळात साधारण १८,३६५ रुपयांची मुद्दल फिटते आणि तेवढ्यासाठी सुमारे १५,००० रुपये व्याज आणि करापोटी जातात. साडेतीन टक्क्यांवर १८ टक्के कर मिळवला की महिन्याचा खरा भार ४.१३ टक्के होतो आणि मुद्दल उतरते पाच टक्क्यांनी. भरलेल्या पैशांतला जवळजवळ अर्धा भाग बँकेकडे का जातो ते या दोन आकड्यांत आहे. फक्त किमान रक्कम भरत राहण्याचा परिणाम सांगणारी सूचना प्रत्येक बिलावर छापणं बंधनकारक आहे. ती फोटोत येते, ओसीआर ती व्यवस्थित वाचतोही, आणि आकड्यांच्या मागे लागलेले आपण तीच ओळ बिनकामाची म्हणून पुसून टाकतो. निदान ज्यांच्यासाठी हिशोब करतोय त्यांना ती मराठीत समजावून सांगावी.

या बिलाचं उत्तर लिहून देताना मी ते असं देते: खरी खरेदी ६,७३०.५०, बँकेने लावलेलं २,२५०.२६, आधीच्या मुद्दलीतलं राहिलेलं ३०,०००, मिळून ३८,९८०.७६. ४ जूनपर्यंत हे सगळे भरले तर उत्तम. जमत नसेल तर जमेल तितके जास्त, पण ४,०९० पेक्षा कमी नाही, नाहीतर लेट फी आणि वर पत-नोंदीवर डाग.

आणि पूर्ण रक्कम भरणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या महिन्यात हमखास फोन येतो. १५ मेला बिल निघालं, पैसे ४ जूनला गेले. मधल्या १६ मे ते ३ जून या १९ दिवसांत ३६,७३०.५० ची मुद्दल डोक्यावर होतीच. त्या दिवसांचं व्याज ८०३ रुपये ४ पैसे, त्यावरचा कर १४४ रुपये ५५ पैसे, एकूण ९४७ रुपये ५९ पैसे. एक पैही बाकी ठेवली नाही, नवी खरेदी केली नाही, तरी जूनच्या बिलात ही रक्कम दिसेल, आणि ती बँकेची चूक नसेल. ती टाळायची असेल तर ४ जूनची वाट न पाहता बिल हातात आल्या आल्या पैसे भरावेत. या मुद्दलीवर रोजचं व्याज ४२ रुपये २७ पैसे आहे, त्यामुळे दहा दिवस आधी भरले तर कर सोडून चारशेहून जास्त रुपये वाचतात.